टक्का घसरला, तेच आधी लिहा

*ताई, मी देवगड तालुक्यात किनाऱ्यालगतच्या एका उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी आहे. आमच्या आरोग्यसेविका बाईंसाठी जिल्हा पातळीवरच्या पुरस्काराचा प्रस्ताव मी लिहितोय. ‘मनमिळाऊ, कष्टाळू, वेळेची पर्वा न करता सेवेला तत्पर, गोरगरिबांची माउली’ अशी दोन पानं लिहिली. आमच्या डॉक्टरांनी वाचली आणि म्हणाले, "यातलं बाईंचं नाव खोडून माझ्या सासूबाईंचं घातलं तरी चालेल. आकडे घाला." आकडे काढले तर भलतंच! बाईंनी आंब्याच्या बागांत आणि चिरेखाणींवर फिरून बाहेरून आलेल्या कामगारांची मुलं शोधली. २०२३-२४ मध्ये पेंटाचा पहिला डोस घेणारी बाळं ४६ ची ६१ झाली, पण त्याच वर्षी गळती चार टक्क्यांवरून साडेअकरावर गेली. हे दिलं तर प्रस्ताव तिथेच पडेल. मग नुसतं ‘लसीकरण १०० टक्के’ लिहू का? मसुदा आणि नोंदींचे तक्ते जोडलेत. कामगिरीसाठी तीनशे शब्दांची जागा आहे.*

१०० टक्के अजिबात लिहू नका. मी एकदा लिहून बसले आहे, तेही १०० नाही, १०७.

तेव्हा मी आरोग्य सहाय्यिका होते आणि माझ्या हाताखालच्या एका नर्सबाईंचा प्रस्ताव मीच तयार केला होता. मासिक अहवालातला टक्का उचलला आणि ठेवून दिला. छाननीला बसलेल्या एका डॉक्टरांनी फक्त एवढंच विचारलं, "शंभर बाळांमागे एकशे सात बाळं आली कुठून?" मला उत्तर देता आलं नाही. उत्तर अगदी साधं होतं. उद्दिष्ट ठरतं लोकसंख्या आणि जन्मदर यांच्या गुणाकारावरून, म्हणजे अंदाजाने. आपल्याकडे मुंबईला दिलेल्या लेकी बाळंतपणाला माहेरी येतात, त्यांची बाळं पहिले डोस इथेच घेतात आणि आपल्या खात्यावर पडतात. छेदात नसलेली बाळं अंशात आली की टक्का शंभरावर जातो. नर्सबाईंचं काम खरोखर चांगलं होतं, पण त्या एका आकड्याने बाकीचं सगळं संशयात आलं. छाननीला बसणारी माणसं याच खात्यातली असतात. शंभर टक्के पाहिलं की ती खूश होत नाहीत, सावध होतात.

आता तुमच्या साडेअकराकडे येऊ. इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगते. पेंटाव्हॅलंट ही पाच रोगांवरची लस बाळाला सहा, दहा आणि चौदा आठवड्यांनी देतात. पहिला डोस घेतलेल्यांपैकी जितकी बाळं तिसऱ्यापर्यंत पोचत नाहीत, त्यांचा टक्का म्हणजे गळती. ती दहाच्या वर गेली की कुठेतरी पाठपुरावा सुटतोय असं धरतात. तुमच्याकडे २०२२-२३ मध्ये पहिला डोस ४६, तिसरा ४४, म्हणजे गळती ४.३. पुढच्या वर्षी ६१ आणि ५४, म्हणजे ११.५. वरवर पाहणारा म्हणेल, बाईंनी काम बिघडवलं.

पण हा हिशेब ३१ मार्चला रेघ ओढून केलेला आहे, आणि बाळं काही आर्थिक वर्ष बघून वाढत नाहीत. फेब्रुवारी-मार्चमध्ये ज्याला पहिला डोस मिळाला, त्याचा तिसरा एप्रिल-मेमध्ये येणार आणि पुढच्या वर्षात नोंदला जाणार. एरवी हे जाणवत नाही, कारण मागच्या वर्षाकडून तेवढीच बाळं या वर्षाच्या तिसऱ्या डोसात येतात आणि तोंडमिळवणी होते. तुमच्या बाईंनी मात्र वर्षाच्या शेवटच्या पाच महिन्यांत नवीन बाळं आणली. त्यांचे पहिले डोस या वर्षात पडले आणि बऱ्याच जणांचे तिसरे पुढच्यात. म्हणून वर्षाची बेरीज-वजाबाकी सोडा आणि त्या ६१ बाळांचं एकेक नाव धरून पुढच्या वर्षाच्या रजिस्टरमध्ये तिसरा डोस शोधा. तुमच्या तक्त्यांवरून मी तेच केलं, एक दुपार गेली. ६१ पैकी ५८ बाळांना तिसरा डोस आपल्याच उपकेंद्रात मिळालाय. उरली तीन. एक गावचंच, ते आईबरोबर मुंबईला गेलं आणि तिथे डोस घेतल्याचा कार्डाचा फोटो बाईंच्या फोनवर आहे. दुसरं नेपाळला परतलं. तिथेही ही लस सहा, दहा, चौदा आठवड्यांनाच देतात, आणि त्याच्याही कार्डाचा फोटो आलाय. तिसऱ्याचा पत्ता लागलेला नाही.

म्हणजे दोन बाळांनी बाहेर घेतलेले डोस सोडले तरी आपल्या उपकेंद्रातली गळती ६१ मागे ३. आधीच्या वर्षीची ४६ बाळं अशीच शोधली तर तिथेही दोनच सुटलेली दिसतात. पंधरा बाळं वाढली, तीही फिरत्या कुटुंबांतली, आणि गळती जवळपास आहे तिथेच राहिली. तुमच्या प्रस्तावाचा जीव इथे आहे आणि तुम्ही नेमकं तेच झाकायला निघाला होता. साडेअकरा हा आकडा तुम्हीच आधी सांगा आणि त्याच वाक्यात तो का आला तेही सांगा. तुम्ही लपवला तर छाननीवाल्यांना तो जिल्ह्याच्या अहवालात सापडेलच, आणि मग माझ्यासारखी गत होईल.

नुसतं ‘६१ झाली’ म्हणूनही भागणार नाही. ती वाढ बाईंमुळे झाली हे कशावरून? त्या वर्षी गावात जन्मच जास्त झाले असतील. हे पाहायला रजिस्टरमधला पत्त्याचा रकाना उपयोगी पडतो. ६१ पैकी गावची ४५ आहेत आणि बाग किंवा चिरेखाणीचा पत्ता असलेली १६. आदल्या वर्षी ४६ मध्ये असं बाळ एकच होतं. म्हणजे गावातले जन्म वाढलेले नाहीत. पण मग आदल्या वर्षी बागेत कुटुंबंच कमी आली असतील तर? हे तुम्हाला बागायतदारांना विचारावं लागेल. चार-पाच मोठ्या बागांच्या मालकांना दोन्ही हंगामांत किती गडी कुटुंबासह होते ते विचारा आणि उत्तर लिहून ठेवा. आकडे जवळजवळ सारखे निघाले तर तसं एका वाक्यात लिहा. नाही निघाले तर तेही लिहा, दावा थोडा लहान होईल इतकंच.

दुसरी शंका नक्की येणार ती इंद्रधनुष या लसीकरण मोहिमेची. इंटेन्सिफाइड मिशन इंद्रधनुष ५.० च्या फेऱ्या २०२३ च्या ऑगस्ट, सप्टेंबर आणि ऑक्टोबरमध्ये झाल्या. कुणीही म्हणेल, ही बाळं त्या मोहिमेत सापडली, बाईंचं त्यात वेगळं काय? इथे तारखा तुमच्या बाजूने आहेत. बागेतली राखणीची कुटुंबं दिवाळीच्या पुढे-मागे येतात, आणि त्या वर्षी दिवाळी नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात होती. मोहिमेची शेवटची फेरी तेव्हा संपलेली होती. बाईंची पहिली बागफेरी तुमच्या तक्त्यात १७ नोव्हेंबरची आहे. सोळापैकी दोन बाळांचे पहिले डोस मात्र ऑक्टोबरातले दिसतात, दोन्ही चिरेखाणीवरची. ती मोहिमेतली धरा आणि बाईंच्या नावावर १४ च लिहा. दोन बाळं कमी केल्याने काही जात नाही, उलट बाकीची चौदा पक्की होतात.

आता बाईंनी नक्की काय केलं. तुमच्या मसुद्यात ‘वेळेची पर्वा न करता’ असं आहे. सत्रांच्या नोंदीत मी पाहिलं, तर त्यांनी वेळेची चांगलीच पर्वा केलीय! गावातली सत्रं सकाळी होतात, तेव्हा बागेतली माणसं फवारणीला नाहीतर पाण्याला गुंतलेली असतात आणि खोपीवर कुणी सापडत नाही. बाईंनी बागेतलं सत्र दुपारी एक ते तीन केलं, आणि चिरेखाणीवरचं आठवडा बाजाराच्या दिवशी, कारण त्या दिवशी खाण बंद असते. हे वाक्य तुमच्या विशेषणाच्या जागी घाला. कुठल्या दिवशी, किती वाजता आणि का, एवढंच.

दुसरी गोष्ट फोनची. सात बागायतदारांचे नंबर बाईंनी घेतले आणि त्यांना सांगून ठेवलं की नवीन कुटुंब आलं की एक हाक द्या. तुम्ही पत्राच्या कोपऱ्यात सहज लिहिलंय की एक मालक रात्री फोन करून म्हणाले, "बाईनु, नवीन माणसां इलीत, एक बारक्या पोर पण आसा." ते वाक्य प्रस्तावात घालायचं नाही, मोह झाला तरी. पण अशा निरोपांवरून नऊ कुटुंबं सापडली हे घाला.

तिसरी गोष्ट तुम्ही लिहिलेलीच नाही, आणि मला विचाराल तर सगळ्यात मोलाची तीच. तक्त्यांच्या मागे बाईंच्या हस्ताक्षरातला एक कागद चुकून आलाय, त्यावर नेपाळी महिने आणि समोर इंग्रजी तारखा. आधी मला कळेना. मग लक्षात आलं. नेपाळी आई बाळाची जन्मतारीख विक्रम संवतात सांगते. ‘कार्तिक २०८०’ म्हटलं की आपल्याकडे ऐकणारा कार्तिक म्हणजे दिवाळी पाडव्यानंतरचा महिना धरतो. पण नेपाळी महिने सूर्यावर चालतात आणि त्यांचा कार्तिक ऑक्टोबरच्या मध्याला सुरू होतो. २०२३ मध्ये त्यांचा कार्तिक १८ ऑक्टोबरला लागला आणि आपला १४ नोव्हेंबरला. म्हणजे जन्मतारखेत जवळजवळ चार आठवड्यांची चूक! बाळ सहा आठवड्यांचं झालेलं असताना ‘अजून लहान आहे, पुढच्या महिन्यात या’ म्हणून परत जाणार, आणि कुटुंब मे अखेरीला बाग सोडणार असेल तर हे गेलेले चार आठवडे तिसऱ्या डोसाला भोवतात. बाईंनी महिनावार तक्ता करून लसीच्या पिशवीत ठेवला. त्याआधीच्या नोंदींत अशा किती तारखा चुकल्या होत्या ते तपासता आलं तर तपासा. दोन जरी सापडल्या तरी लिहा. शेजारच्या उपकेंद्रांनी तो तक्ता घेतला असेल तर कुणी आणि केव्हा, तेही लिहा. असं काम दुसऱ्या कुणाच्या प्रस्तावात असणार नाही आणि त्याचा पुरावा एका कागदावर आहे.

श्रेय वाटताना हात आखडू नका. बागांमधली पहिली मोजणी दोन आशाताईंनी केलीय, कागदावर त्यांच्या सह्या आहेत. कार्डांचे फोटो मागवण्याची कल्पना तुमची, असं तुमच्याच टिपणात दिसतं. हे सगळं बाईंच्या नावावर घातलं तर चौकशीला येणारा माणूस आशांना भेटला की पंचाईत. परिचारिकांच्या पुरस्कारांना ज्यांचं नाव असतं (केंद्र सरकारचा राष्ट्रीय पुरस्कार १९७३ पासून त्यांच्याच नावाने आहे) त्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांची गोष्ट यासाठी ध्यानात ठेवण्यासारखी आहे. क्रिमियन युद्धात स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात १८५५ च्या फेब्रुवारीत शंभरातले चाळीसच्या वर सैनिक दगावत होते, उन्हाळ्यापर्यंत हे प्रमाण दोनेकावर आलं, आणि सगळं श्रेय नाइटिंगेलबाईंना दिलं जातं. पण त्या तिथे पोचल्या होत्या आदल्या नोव्हेंबरात, आणि मृत्यू उतरले ते मार्चमध्ये आलेल्या सॅनिटरी कमिशनने गटारं आणि हवा-पाण्याची व्यवस्था सुधारल्यावर. हे त्यांनी स्वतः नंतर आकड्यांनिशी मांडलं. पुरस्कार त्यांच्या नावाचा आहे, तेव्हा निदान त्याच्या प्रस्तावात तरी आशांची मोजणी आशांच्याच नावावर असू द्या.

मसुद्यातल्या दोन वाक्यांवर मी काट मारली आहे. ‘बाईंमुळे परिसरात गोवराची साथ टळली’ हे पहिलं. आधी तर पेंटा ही गोवराची लस नव्हे, गोवर-रुबेलाची वेगळी, नऊ महिन्यांनंतरची. आणि चौदा बाळांवरून साथ टळल्याचं कुणालाच सिद्ध करता येत नाही. दुसरं, ‘स्थलांतरितांमधील ८८ टक्के बाळांचे लसीकरण पूर्ण’. सोळापैकी चौदा हे बरोबर आहे, पण सोळात एक बाळ इकडचं तिकडे झालं की टक्का सहाने हलतो. इतक्या लहान संख्येला टक्का लावला की ती उगाच मोठी भासते. ‘१६ पैकी १४’ असं लिहा, वाचणाऱ्यालाही बाळं दिसतात.

तीनशे शब्दांत हे कसं बसेल म्हणाल, म्हणून कामगिरीचा रकाना मी लिहून पाठवतेय. बागायतदारांकडून आलेल्या उत्तरासाठी एक जागा रिकामी सोडली आहे.

"आमच्या उपकेंद्राच्या हद्दीत दिवाळीच्या सुमारास आंब्याच्या बागांत व चिरेखाणींवर नेपाळ आणि कर्नाटकातून कुटुंबे येतात. २०२२-२३ मध्ये पेंटाचा पहिला डोस घेतलेल्या ४६ बाळांत या कुटुंबांतील एकच होते. २०२३-२४ मध्ये अशी १६ बाळे नोंदली गेली. त्यांपैकी २ इंद्रधनुष मोहिमेत व १४ आरोग्यसेविकांनी १७ नोव्हेंबरपासून केलेल्या फेऱ्यांत सापडली. (दोन्ही हंगामांतील कुटुंबसंख्येबाबत बागायतदारांची माहिती: ……) बागांमधील पहिली मोजणी दोन आशांनी केली. सात बागायतदारांकडून नव्या कुटुंबाची खबर मिळवण्याची व्यवस्था आरोग्यसेविकांनी लावली व त्यातून नऊ कुटुंबे कळली. बागेतील सत्र दुपारी १ ते ३ व चिरेखाणीवरील सत्र आठवडा बाजाराच्या दिवशी ठेवले. नेपाळी महिन्यांवरून जन्मतारीख काढण्याचा तक्ता त्यांनी स्वतः तयार केला. प्रत सोबत आहे. वार्षिक अहवालात या वर्षी गळती ११.५ टक्के दिसते, कारण हंगामात पहिला डोस घेतलेल्या बाळांचा तिसरा डोस पुढील आर्थिक वर्षात नोंदला गेला. त्याच ६१ बाळांचा माग काढला असता ५८ जणांना तिसरा डोस येथेच मिळाला. उरलेल्या तिघांपैकी दोघांनी तो अन्यत्र घेतल्याचे कार्डावरून दिसते, एकाचा शोध लागलेला नाही. बाहेरून आलेल्या १६ पैकी १४ बाळांचे तिन्ही डोस येथे पूर्ण झाले."

‘माउली’ यात कुठेच नाही, पाहिलंत ना? तुम्हाला ते रुखरुखत असेल तर सत्काराच्या भाषणात म्हणा, तिथे शोभेल. सापडलं नाही त्या एका बाळाचं वाक्य मात्र काढू नका. मी छाननीत असते तर त्या वाक्यावर थांबले असते आणि त्याच्यामुळे बाकीच्या साठांवर विश्वास ठेवला असता.

सोबत काय जोडायचं यात घोळ घालू नका. बाळांच्या कार्डांच्या नकला, आईचं नाव, फोन नंबर किंवा बागेत लस टोचतानाचे फोटो यातलं काहीही जोडायचं नाही, ती त्या कुटुंबांची खासगी माहिती आहे. ६१ बाळांचा अनुक्रमांकावर केलेला तक्ता पुरे, नाव नको, पत्त्याच्या जागी ‘गाव’, ‘बाग’ किंवा ‘खाण’ एवढंच, आणि तीन डोसांच्या तारखा. त्यावर वैद्यकीय अधिकाऱ्यांनी मूळ रजिस्टरशी ताडून सही करायची. तुमचे डॉक्टर सासूबाईंवर विनोद करतात, म्हणजे सही करण्याआधी वाचतील अशी आशा आहे.

पाठवण्याआधी बाईंना एकदा दाखवा. लाजतील, ‘एवढं कशाला’ म्हणतील, ते सोडून द्या. पण एखाद्या तारखेवर किंवा बागेच्या नावावर त्यांचं बोट थांबलं तर तिथे रजिस्टर उघडा. १७ नोव्हेंबर ही तारीख मला जरा खटकते आहे, त्याच्या आदल्या पानावरची शाई वेगळी आहे. पहिली फेरी कदाचित त्याच्याही आधी झाली असेल आणि नोंद नंतर केली असेल.

आणि त्या महिन्यांच्या कागदाची स्वच्छ प्रत मला पाठवा. माझी एक जुनी सहकारी अजून नोकरीत आहे, तिच्याकडेही नोव्हेंबरात बागा भरतात.